टाइप केलेल्या लेखातल्या वेलांट्या, अनुस्वार आणि जोडाक्षरं : तपासायची कोणत्या क्रमानं?

प्रश्न : मराठी लेख टाइप करून झाला. तीनदा वाचला, स्पेलचेकर फिरवला, तरी प्रसिद्ध झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार नाहीतर जोडाक्षराची चूक कुणीतरी दाखवतंच. प्रसिद्ध करण्याआधी नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं?

उत्तर :

तीन वाचनांत तुम्ही तीनही वेळा सगळंच शोधत होता, म्हणून चुका राहिल्या. काही चुका पडद्यावर दिसतच नाहीत; त्या फक्त शोधून सापडतात. काही शोधून सापडतात, पण प्रत्येक ठिकाणी थांबून हातानं ठरवाव्या लागतात. आणि काही चुकांमध्ये चुकलेला शब्दही मराठीतला खराखुरा शब्दच असतो. तिथे अर्थ कळल्याशिवाय चूक आहे की नाही हेच सांगता येत नाही, आणि स्पेलचेकरचा उपयोग इथेच संपतो. म्हणून मी लेखावर चार वेगळे हात फिरवतो : आधी अक्षरांची जुळणी, मग जोडाक्षरं, मग अनुस्वार आणि सगळ्यात शेवटी वेलांट्या-उकार. हा क्रम बदलू नका. जुळणी बिघडलेली असेल तर पुढचे शोध त्या शब्दापर्यंत पोचतच नाहीत.

उदाहरणासाठी चार वाक्यांचा एक उतारा घेऊ. तो मुद्दाम रचलेला आहे, पण यातली प्रत्येक चूक आठवड्यातून एकदा तरी हाताखालून जाते.

> गावातील जुन्या विहीरी हे पाण्याचे महत्वाचे स्त्रोत आहेत. काही विहीरींची पुर्नबांधणी व्हावी, अशी मागणी नागरीकानी केली. तेंव्हा प्रसिध्द अभ्यासकाना बोलावुन त्यांच्या सुचना घेण्यात आल्या. पुढार्यांनी लाेकांच्या भावना लक्षात घेऊन निधी मिळवुन दिला.

शेवटच्या वाक्यातला ‘लाेकांच्या’ हा शब्द नीट पाहा. काही फॉन्टमध्ये तो अगदी ‘लोकांच्या’सारखा दिसतो, तर काहींत मध्येच एक ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. कारण असं की ‘ो’ हे युनिकोडमध्ये एकच चिन्ह आहे आणि इथे मात्र काना आणि मात्रा अशी दोन चिन्हं एकापुढे एक टाइप झाली आहेत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात हे सर्रास होतं, कारण त्या फॉन्टमध्ये अक्षर तुकड्यातुकड्यांनी जुळवलं जायचं : ल, मग काना, मग वर मात्रा. रूपांतर करताना तुकडे तसेच राहिले. डोळ्यांना शब्द बरोबर, पण लेखात ‘लोक’ शोधलं तर हा शब्द सापडणार नाही. म्हणून पहिल्या हातात या जोड्या थेट बदलून टाकायच्या. मराठीत त्या कुठेही बरोबर नसतात, त्यामुळे इथे डोळे झाकून सगळीकडे बदल केला तरी चालतो.

```
ाे  →  ो
ाै  →  ौ
आे  →  ओ
आै  →  औ
अॅ  →  ॲ
```

याच जातीची दुसरी चूक अनुस्वाराच्या जागेची. व्यंजन, त्यावर काना-मात्रा-वेलांटी आणि मग अनुस्वार, असा क्रम असतो. टाइप करणाऱ्यानं आधी अनुस्वार आणि मग काना दिला, की ‘मुलांना’ऐवजी ‘मुलंाना’ तयार होतं. लिबरऑफिस रायटरमध्ये `Ctrl+H` दाबून `Regular expressions` चालू केलं, की अशा सगळ्या जागा एका फटक्यात सुधारतात :

```
Find:     \u0902([\u093E-\u094C])
Replace:  $1ं
```

पाठोपाठ दोन अनुस्वार (`\u0902\u0902`) शोधून एक करायचे. दोन बिंदू एकावर एक बसतात, त्यामुळे ते दिसत नाहीत. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाऐवजी कोलन तर पडलेला नाही ना, तेही इथेच पाहून घ्या. कोलन हे विरामचिन्ह असल्यामुळे ओळ संपताना शब्द तिथे तुटू शकतो आणि ‘दु:’ वरच्या ओळीत, ‘ख’ खालच्या ओळीत अशी गंमत होते.

आता ‘पुढार्यांनी’. मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ ही दोन वेगळी जोडाक्षरं आहेत. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. लग्नाच्या वृत्तांतात ही अदलाबदल झाली की हसं होतं. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एक सरळ रीत, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते `Shift+J` वर आहे. दुसरी जुनी रीत, साध्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारख्या. पण मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते अदृश्य चिन्ह कधी कधी गळतं, आणि मग बरोबर टाइप केलेला ‘पुढाऱ्यांनी’सुद्धा आपोआप ‘पुढार्यांनी’ होतो. लेखक म्हणतो, मी तर नीट लिहिलं होतं. आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून चिन्ह अजून जागेवर असतानाच ते पक्क्या रूपात बदलून घ्या :

```
Find:     \u0930\u094D\u200D
Replace:  ऱ्
```

चिन्ह आधीच गळलेलं असेल, तर मात्र यांत्रिक बदल करता येत नाही, कारण ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘पर्याय’ यांतला रफार बरोबरच आहे. ‘र्य’ शोधायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं : मूळ शब्दातच र्य आहे, की री-रा-रे यांचं रूप बदलून तो आला आहे? पुढारी, शेतकरी, वारा, दुसरा, करणारा या शब्दांत मुळात र्य नाही. प्रत्यय लागताना तो तयार झाला, म्हणून पुढाऱ्यांनी, शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, दुसऱ्या, करणाऱ्या. ‘कार्य’मध्ये तो मुळातच आहे, म्हणून कार्याला. ‘गिर्यारोहण’ फसवतो. गिरीपासून झालेला म्हणून ‘ऱ्या’ करावासा वाटतो, पण तो गिरि आणि आरोहण यांचा संस्कृत संधी आहे, तिथे रफारच हवा.

दुसरा हात जोडाक्षरांचा. इथे वाचत बसू नका, शोधत जा, कारण चुकणारी जोडाक्षरं ठरलेली असतात. उताऱ्यात तीन आहेत.

‘प्रसिध्द’मध्ये ध आधी आणि द नंतर पडला आहे. हवं आहे द् आणि मग ध : प्रसिद्ध, शुद्ध, पद्धत, विरुद्ध, समृद्धी. ‘द्ध’ या जुळलेल्या आकारात द वर आणि ध त्याच्या पोटात असतो, त्यामुळे टाइप करणाऱ्याला क्रम उलटा वाटत असावा. ‘ध्द’ हा क्रम मराठीत लागतच नाही, तेव्हा ‘ध्द’ शोधून सगळीकडे ‘द्ध’ करा. मात्र या बदलात ‘उध्वस्त’ सापडत नाही, कारण त्यात द पूर्णच गळलेला असतो. तो शब्द उद् आणि ध्वस्त मिळून झालाय, म्हणून ‘उद्ध्वस्त’. ‘उद्घाटन’ही उद् आणि घाटन, त्याचं ‘उद्धाटन’ झालेलं निमंत्रणपत्रिकांवर हमखास दिसतं. ‘उज्ज्वल’मध्ये दोन ज आहेत तेही या उद्-मुळेच, त्यातला द् पुढच्या ज् सारखा होतो.

‘महत्वाचे’मध्ये एक त कमी आहे. महत् या शब्दाला त्व हा प्रत्यय लागला, म्हणून एक त् मूळ शब्दाचा आणि एक प्रत्ययाचा : महत्त्व. तसंच तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व आणि त्यांच्यापासून झालेले तात्त्विक, सात्त्विक. हे कळलेला माणूस पुढच्या आठवड्यात ‘नेतृत्त्व’ आणि ‘अस्तित्त्व’ लिहायला लागतो. नेतृ आणि अस्ति यांच्या शेवटी त् नाही, म्हणून नेतृत्व आणि अस्तित्व यांत एकच त. त्यामुळे ‘त्व’चा सरसकट बदल करू नका. ‘महत्व’, ‘तत्व’, ‘सत्व’, ‘मत्व’ हे चार तुकडे शोधले तरी बहुतेक काम होतं. ‘मत्व’मध्ये व्यक्तिमत्त्व पकडला जातो.

‘स्त्रोत’मध्ये उलट एक त जास्त आहे. प्रवाह या अर्थाचा शब्द स्रोत : स आणि र, मध्ये त नाही. सहस्र, हिंस्र, रक्तस्राव हेही तसेच. पण ‘स्त्र’ शोधून ‘स्र’ केलंत, तर शास्त्र, वस्त्र, शस्त्र आणि स्त्री या सगळ्यांचं वाटोळं होईल. अख्खे शब्द शोधायचे, आणि ‘स्त्रोत’ सापडल्यावरही वाक्य वाचायचं. कुणी देवाचं ‘स्त्रोत’ म्हणत असेल, तर त्याला ‘स्तोत्र’ हवं आहे.

जोडाक्षरांच्याच हाताखाली रफार उरकून घेतो. ‘पुर्नबांधणी’मध्ये रफार एक अक्षर आधी बसला आहे. रफार दिसतो ज्या अक्षरावर, उच्चारला जातो त्या अक्षराच्या आधी. पुनर् + बांधणी, म्हणजे रफार ‘बां’वर हवा : पुनर्बांधणी. शब्द मोठ्यानं तोडून म्हणा, पु-नर्-बां-ध-णी. जो र ‘नर्’च्या शेवटी ऐकू येतो, तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘पुर्न’ हा तुकडा शोधला की पुनर्विचार, पुनर्वसन, पुनर्रचना यांतले असे सगळे अपघात एकदम सापडतात. जाता जाता ‘श्रृ’ही शोधा, शृंगार आणि शृंखला यांत श ला फक्त ऋकार असतो, त्यात आणखी र घालायचा नाही.

पहिल्या दोन हातांना हजार-दोन हजार शब्दांच्या लेखात फार वेळ लागत नाही. खरा वेळ इथून पुढे लागतो.

अनुस्वाराची चूक बहुतेक वेळा प्रत्ययाच्या आधी असते. नियम सोपा आहे : अनेकवचनी नामाला किंवा सर्वनामाला प्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय लागलं की त्याआधी अनुस्वार. मुलांना, घरांपुढे, विहिरींची. आदरार्थी अनेकवचनालाही तोच लागू, म्हणून अध्यक्ष एकच असले तरी ‘अध्यक्षांनी’. नियम सगळ्यांना ठाऊक असतो. टाइप करताना बिंदू राहून जातो एवढंच.

यातल्या अर्ध्या चुका शोधून सापडतात, आणि त्याची किल्ली व्याकरणातच आहे. प्रमाण लेखनात ‘ना’ हा द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय अनेकवचनाचा; एकवचनाला स किंवा ला. ‘नी’ही अनेकवचनाचा, एकवचनाला ने. म्हणजे ‘नागरीकानी’ किंवा ‘अभ्यासकाना’ असं रूप कोणत्याही अर्थानं बरोबर असूच शकत नाही. ‘त्यानी’ हा शब्द तर मराठीत नाहीच : तो ‘त्याने’ असेल नाहीतर ‘त्यांनी’. म्हणून लेखात ‘ाना’ आणि ‘ानी’ हे तुकडे शोधा आणि एकेक पुढे जा. करताना, असताना, कारखाना, राजधानी, हानी असे निर्दोष शब्द मध्ये येतील, ते सोडून द्या. उरलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बिंदू राहिलेला असतो. उताऱ्यातले दोन्ही शब्द इथे सापडतात.

‘चा-ची-चे-च्या’ आणि ‘त’ यांचं तसं नाही. ‘मुलाच्या’ आणि ‘मुलांच्या’ दोन्ही बरोबर, ‘घरात’ आणि ‘घरांत’ दोन्ही बरोबर. आता उताऱ्याचा पहिलाच शब्द पाहा : ‘गावातील जुन्या विहीरी’. एका गावातल्या पुष्कळ विहिरी, की पुष्कळ गावांमधल्या? एकच गाव असेल तर ‘गावातील’ बरोबर. तालुक्याचा लेख असेल तर ‘गावांतील’ हवं. कोणताही स्पेलचेकर इथे बोलणार नाही आणि खरं तर मुद्रितशोधकानंही स्वतः ठरवू नये. लेखात पुढे गावाचं एकच नाव आलं का ते पाहावं. उलगडा होत नसेल तर लेखकाला विचारावं. असे प्रश्न समासात लिहून ठेवायचे आणि शेवटी एकदमच विचारायचे, म्हणजे लेखकही वैतागत नाही. वेदांत आणि वेदान्त हा भेदही याच वर्गातला : पहिला म्हणजे वेदांमध्ये, दुसरा म्हणजे ते तत्त्वज्ञान. एरवी पंडित, अंतर, संबंध हे शब्द बिंदूनंच लिहायचे; अर्थ बदलतो तिथे मात्र न् ठेवण्याला कारण आहे.

नको तिथे पडलेले अनुस्वार त्या मानानं थोडे. ‘तेंव्हा, जेंव्हा, केंव्हा’ हे त्रिकूट शोधून ‘तेव्हा, जेव्हा, केव्हा’ करा. ‘कांही’, ‘नांव’, ‘पांच’ हे जुन्या लेखनपद्धतीचे अवशेष आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ साली आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. उच्चारात नसलेले असे अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. पण लेखात त्याआधीच्या पुस्तकातलं अवतरण असेल, तर त्यातले अनुस्वार पुसू नका. अवतरण मूळ छपाईप्रमाणेच राहिलं पाहिजे, म्हणून सगळीकडे बदल करताना अवतरणं वगळा.

अनुस्वाराचा आणखी एक घोळ म्हणजे ‘केले’ आणि ‘केलं’. मी हे उत्तर बोलल्यासारखं लिहितो आहे, म्हणून असं, केलं, त्यानं. औपचारिक लेखात असे, केले, त्याने. दोन्ही चालतात, पण निवेदनात एकच वळण हवं. बोली रूपं पात्राच्या किंवा मुलाखतीतल्या माणसाच्या तोंडी ठेवावीत. चूक होते ती तिसऱ्याच रूपात : ‘मी सांगितल’, ‘अस झाल’. फोनवर टाइप केलेल्या मजकुरात हे फार. ते ना बोली ना औपचारिक. ‘अस’, ‘कस’, ‘तस’, ‘माझ’ असे सुटे शब्द शोधले की लेखकाच्या हाताची सवय लगेच कळते. ‘तुम्हांला’चा अनुस्वार नियमाला धरून आहे, बरीच नियतकालिकं तो गाळतात. तुमच्या अंकाची रीत असेल तशी ठेवा, पण एका पानावर दोन रीती नकोत.

आता वेलांट्या आणि उकार. सगळ्यात जास्त चुका इथे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच. पाठांतर करत बसण्यापेक्षा प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, की मराठी? बहुतेक निर्णय या एका उत्तरावर ठरतात.

‘विहीर’ मराठी शब्द. अकारान्त मराठी शब्दाचं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असतं : विहीर, फूल, वकील, जमीन, मजूर. पण शब्द वाढला, त्याचं अनेकवचन झालं किंवा त्याला प्रत्यय लागला, की ते दीर्घ अक्षर शेवटून दुसरं राहत नाही आणि ऱ्हस्व होतं : विहिरी, विहिरींची, फुलांना, वकिलानं, जमिनीवर, मजुरांचे. उताऱ्यात लेखकानं मूळ शब्द शुद्ध ठेवून नुसते प्रत्यय जोडले, म्हणून ‘विहीरी’ आणि ‘विहीरींची’. ही काळजीपूर्वक लिहिणाऱ्यांची चूक आहे. त्यांना ‘विहीर’ दीर्घ हे पक्कं माहीत असतं आणि ते सगळीकडे तसंच ठेवतात.

‘नागरिक’ मात्र संस्कृत. ‘नगर’ला ‘इक’ प्रत्यय लागला आणि तो ऱ्हस्व आहे : सामाजिक, आर्थिक, वैज्ञानिक, नागरिक. लेखकानं त्याला ‘विहीर’चा नियम लावून ‘नागरीक’ केलं. संस्कृत शब्दाची वेलांटी मुळात असेल तशी ठेवायची आणि प्रत्यय लागला तरी बदलायची नाही : नागरिक-नागरिकांनी, शरीर-शरीराला, गीत-गीतांचे. ‘सुचना’चंही तेच, सूचना, सूत्र, पूजा हे शब्द मुळातच दीर्घ. शंका आली तर कोश उघडा, त्यात कमीपणा नाही. तरी शेपटावरून पुष्कळ ओळखता येतं. ‘इक’ आणि ‘इत’ ऱ्हस्व (प्रकाशित, अपेक्षित), ‘ईय’ दीर्घ (राष्ट्रीय, शासकीय). प्रिय, सक्रिय, इंद्रिय यांतला इय मात्र तो प्रत्यय नव्हे, तो ऱ्हस्वच.

रफाराच्या आधी थोडं थांबून पाहा. पूर्ण, पूर्व, मूर्ती, सूर्य, कीर्ती, दीर्घ या संस्कृत शब्दांत रफाराआधीचा स्वर दीर्घ असतो, आणि ‘पुर्ण’, ‘पुर्वी’ या चुका अगदी नेहमीच्या. पण दुर् आणि निर् हे उपसर्ग ऱ्हस्व आहेत, म्हणून दुर्गम, दुर्बल, निर्णय, निर्मिती. पुनर्चा ‘पु’ही ऱ्हस्व, आणि खुर्चीसारखे बाहेरून आलेले शब्दही ऱ्हस्व.

‘बोलावुन’ आणि ‘मिळवुन’ या चुका फक्त शोधायच्या आहेत. ‘ऊन’ हा प्रत्यय नेहमी दीर्घ : करून, बोलावून, म्हणून. पासून, कडून, वरून हेही दीर्घ. ‘ुन’ आणि त्यापुढे मोकळी जागा असं शोधा, मग ‘उन’ आणि जागा. अर्जुन, मिथुन असे दोन-चार शब्द सोडले तर बाकी सगळे दीर्घ करायचे. यात ‘करुन’ पाहताना पडदा मोठा करून घ्या. र ला उकार खाली न लागता बाजूला लागतो आणि लहान टायपात ‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक कळतच नाही. गुरू, सुरू, रूप, वरून यांत दुसरा. पुरुष, तरुण, रुग्ण, रुपया यांत पहिला.

शब्दाच्या शेवटची वेलांटी हा तसा सोपा भाग. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ, संस्कृत शब्दांचाही : कवी, गती, व्यक्ती, गुरू, निधी. अपवाद म्हणजे आणि, नि, तसंच परंतु, तथापि, यद्यपि यांसारखी संस्कृत अव्ययं. अवघड जागा त्यानंतर येते. ‘व्यक्ती’पुढे काही जोडलं की वेलांटी कोणती? जोडलेला भाग पाहा. तो मराठी प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असेल तर दीर्घच : व्यक्तीला, व्यक्तीसाठी, गतीमुळे, गुरूंचे. तो दुसरा शब्द असेल आणि समास झाला असेल, किंवा संस्कृत प्रत्यय असेल, तर मूळचा ऱ्हस्व परत येतो : व्यक्तिचित्र, व्यक्तिगत, गतिमान, गुरुदक्षिणा, बुद्धिवैभव. म्हणून एकाच परिच्छेदात ‘व्यक्तीचे’ आणि ‘व्यक्तिचित्र’ शेजारी आले तर घाबरून दोन्ही सारखे करू नका. जो शब्द मुळातच दीर्घ, तो समासातही दीर्घ : नदीतीर, लक्ष्मीपुत्र, वधूवर. आणि विद्यार्थी, पक्षी, प्राणी, मंत्री हे शब्द संस्कृतात विद्यार्थिन्, पक्षिन् असे न् नं संपणारे. समासात तो न् जातो आणि ऱ्हस्व इ उरते : पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय, मंत्रिमंडळ. विद्यार्थिनी यातही ती ऱ्हस्व इ आहे. ‘विद्यार्थीनी’ लिहिलेलं दिसलं तर आधी पाहा की लेखकाला मुलगी म्हणायचं आहे की ‘विद्यार्थ्यांनी’.

समासाच्या बाबतीत मोकळी जागासुद्धा वेलांटी ठरवते. ‘कृषी विद्यापीठ’ असं तोडून लिहिलं तर कृषी हा सुटा शब्द, म्हणून दीर्घ. जोडून लिहिलं तर ‘कृषिविद्यापीठ’. मात्र ते संस्थेचं नाव असेल तर नियम बाजूला ठेवा आणि ती संस्था स्वतः जसं लिहिते तसंच ठेवा. माणसांच्या नावांचंही तेच. ‘सुनिल’ अशी सही करणाऱ्याला ‘सुनील’ करायचा अधिकार आपल्याला नाही.

चारही हात फिरल्यावर उतारा असा होतो :

> गावातील जुन्या विहिरी हे पाण्याचे महत्त्वाचे स्रोत आहेत. काही विहिरींची पुनर्बांधणी व्हावी, अशी मागणी नागरिकांनी केली. तेव्हा प्रसिद्ध अभ्यासकांना बोलावून त्यांच्या सूचना घेण्यात आल्या. पुढाऱ्यांनी लोकांच्या भावना लक्षात घेऊन निधी मिळवून दिला.

‘गावातील’ तसाच ठेवला आहे आणि समासात प्रश्नचिन्ह आहे.

यानंतर शक्य असेल तर लेख कागदावर काढा किंवा पडद्यावर वेगळ्या फॉन्टमध्ये, मोठ्या अक्षरांत वाचा. फॉन्ट बदलला की राहिलेली ठिपक्यांची वर्तुळं आणि चुकलेले रफार उठून दिसतात. मी हे वाचन शेवटच्या परिच्छेदापासून मागे, एकेक वाक्य घेत करतो. वाक्यांचा ओघ तुटतो आणि नजर शब्दावर थांबते. फक्त एकवचन-अनेकवचनाच्या शंका मागून वाचताना कळत नाहीत; त्या तिसऱ्या हातातच संपवलेल्या बऱ्या.

मथळा, उपमथळे, चित्रांखालच्या ओळी आणि लेखकाचा परिचय वेगळे तपासा. हा मजकूर बहुतेक वेळा अगदी शेवटी आणि घाईत टाइप होतो, आणि मुख्य लेखावर केलेल्या शोध-बदलीत तो नसतोच. सगळ्या दुरुस्त्या झाल्या की पहिल्या हातातले शोध पुन्हा एकदा चालवा. दुरुस्त्याही कुणीतरी टाइपच केलेल्या असतात. एखादा अनुस्वार कान्याच्या आधी जाऊन बसलेला तिथे सापडतो.